पाच मीटरवर मधोमध, दहा मीटरवर वर्तुळांबाहेर: रायफल ‘झिरो’ करणं म्हणजे नेमकं काय?

समजा, पेणमधला एखादा मुलगा एअर रायफल शिकतोय. आठवड्यातून एक-दोनदा तो पनवेलला जातो. तिथल्या कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमीत ऑलिंपियन नेमबाज सुमा शिरूर यांचा ‘लक्ष्य शूटिंग क्लब’ आहे. पेणहून पनवेल साधारण ३५ किलोमीटर, रोह्याहून आणखी लांब. रोज जाणं-येणं परवडत नाही, म्हणून बाकीचे दिवस तो घरीच सराव करतो. घराच्या पडवीत जेमतेम पाच मीटर जागा मिळते. भिंतीला लोखंडी पेलेट ट्रॅप लावायचा, त्यात कागदी टार्गेट अडकवायचं आणि नेम धरायचा.

पहिल्याच दिवशी गडबड होते. रेंजवर दहाच्या आसपास बसणारे छर्रे घरी सगळे खाली लागतात. नेम नीट, श्वास नीट, ट्रिगर नीट, तरी छर्रे जवळजवळ दोन सेंटीमीटर खाली. साइट हललं असेल असं वाटून तो त्याचं बटण फिरवतो आणि छर्रे पुन्हा मधोमध आणतो. आठवडाभर घरी छान सराव होतो. शनिवारी रेंजवर गेल्यावर पहिला छर्रा टार्गेटच्या सगळ्या वर्तुळांच्या वरून निघून जातो.

रायफल बिघडलेली नव्हती, साइटही हललेलं नव्हतं. रायफल दहा मीटरवर ‘झिरो’ केलेली होती आणि पाच मीटरवर तिने खाली मारणं हेच बरोबर होतं. हे असं का होतं आणि किती होतं, ते या लेखात समजून घेऊ.

## ‘झिरो’ म्हणजे काय?

रायफलचा नेम जिथे धरला तिथेच गोळी लागावी, यासाठी साइट जुळवून घेणं म्हणजे रायफल झिरो करणं. नेम धरलेली जागा आणि गोळी लागलेली जागा यांच्यातला फरक शून्य झाला, म्हणून ‘झिरो’.

पण या वाक्यात एक शब्द राहून जातो, तो म्हणजे अंतर. हा फरक शून्य होतो तो ठरावीक अंतरावर. ‘माझी रायफल झिरो केलेली आहे’ एवढं सांगून काहीच कळत नाही. ‘दहा मीटरवर झिरो केलेली आहे’ किंवा ‘पन्नास मीटरवर झिरो केलेली आहे’ असं सांगितलं तरच त्याला अर्थ येतो. आणि हे एक अंतर ठरलं की त्याच्या अलीकडे आणि पलीकडे गोळी किती खाली-वर लागणार, हेही तिथेच ठरून जातं.

## गोळी जवळ खाली का लागते?

कारण अगदी साधं आहे. डोळा नळीतून पाहत नाही, नळीच्या वरून पाहतो.

रायफलवर साइट नळीच्या वर बसवलेलं असतं. साध्या लोखंडी साइटचं नळीच्या मध्यापासूनचं अंतर दोन-अडीच सेंटीमीटर असू शकतं. दुर्बीण लावली तर ते चार सेंटीमीटरच्या आसपास जातं. स्पर्धेच्या एअर रायफलवर गोल भोकाचं डायॉप्टर साइट असतं. मान सरळ राहावी म्हणून खेळाडू ते आणखी उंच बसवून घेतात.

म्हणजे इथे दोन वेगळ्या रेषा आहेत. एक, डोळ्यापासून साइटमधून टार्गेटपर्यंत जाणारी नजरेची रेषा. ती सरळ असते. दुसरी, छर्ऱ्याची वाट. ती नळीच्या तोंडातून, म्हणजे नजरेच्या रेषेच्या काही सेंटीमीटर खालून सुरू होते. छर्रा नळीतून बाहेर पडला की गुरुत्वाकर्षण त्याला लगेच खाली ओढायला लागतं.

नळी आणि नजरेची रेषा एकमेकींना समांतर ठेवल्या तर छर्रा कुठल्याच अंतरावर नेमाच्या जागी लागणार नाही. तो खालूनच निघाला आणि आणखी खालीच जात राहिला. म्हणून साइट अशा रीतीने बसवतात की नजरेची रेषा टार्गेटवर असताना नळीचं तोंड किंचित वर राहावं. हा कोन फार लहान, एका अंशाच्याही आत असतो. मैदानातून यष्टिरक्षकाकडे चेंडू फेकणारा खेळाडू हात जसा थोडा वर ठेवतो, तसंच हे.

इथे एक गैरसमज नेहमी ऐकू येतो, की नळीतून सुटलेली गोळी आधी ‘उसळून’ वर जाते. तसं होत नाही. नळी जिथे रोखलेली आहे त्या रेषेच्या वर गोळी कधीच जात नाही. नळीच मुळात थोडी वर रोखलेली असते, म्हणून नजरेच्या रेषेच्या हिशेबाने गोळी वर चढताना दिसते.

या चढणीत गोळी नजरेच्या रेषेला ज्या अंतरावर गाठते ते तिचं पहिलं शून्य. त्याच्या अलीकडे ती रेषेच्या खालीच असते. नळीच्या अगदी तोंडाशी तर ती साइटच्या पूर्ण उंचीइतकी खाली असते. जवळच्या अंतरावर गोळी खाली लागते ती यामुळे. तिथे गुरुत्वाकर्षणाचा वाटा नगण्य असतो, जवळजवळ सगळा फरक साइटच्या उंचीचा असतो.

## पडवीतलं गणित

आता सुरुवातीच्या मुलाचा हिशेब मांडू. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, नळीतून निघताना वेग सेकंदाला १७५ मीटर. स्पर्धेच्या एअर रायफलचा वेग साधारण एवढाच असतो. साइट नळीच्या मध्यापासून पाच सेंटीमीटर वर आहे असं धरू. हिशेब सोपा राहावा म्हणून सगळी अंतरं नळीच्या तोंडापासून मोजू.

दहा मीटर जायला छर्ऱ्याला सेकंदाचा सुमारे सतरावा भाग लागतो. तेवढ्या वेळात तो १.७ सेंटीमीटर पडतो. दहा मीटरवर नेमाच्या जागी पोहोचायचं तर त्याला साइटच्या उंचीचे पाच आणि पडण्याचे १.७, असे एकूण ६.७ सेंटीमीटर भरून काढावे लागतात. म्हणजे दहा मीटरमध्ये नळीची रेषा ६.७ सेंटीमीटर चढली पाहिजे. दहा मीटरवर झिरो केलेल्या रायफलमध्ये नेमकी एवढी चढण बसवलेली असते.

तीच रायफल पाच मीटरवर घेऊ. अंतर निम्मं, म्हणून चढणही निम्मी, ३.३५ सेंटीमीटर. एवढ्या अंतरात छर्रा जेमतेम ०.४ सेंटीमीटर पडतो. सुरुवात पाच सेंटीमीटर खालून झाली, ३.३५ चढला, ०.४ पडला. उरले सुमारे दोन सेंटीमीटर. पडवीत छर्रे एवढेच खाली लागत होते.

दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दोन सेंटीमीटर म्हणजे किती? या टार्गेटचं सर्वांत बाहेरचं वर्तुळ ४५.५ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. मध्यापासून सुमारे दोन सेंटीमीटर खाली लागलेल्या छर्ऱ्याला दोन-तीन गुण मिळतात. नेमात काडीची चूक नसताना दहाच्या जागी दोन-तीन.

आता मुलाने साइट फिरवून पाच मीटरवर मधोमध आणलं. म्हणजे त्याने पाच मीटरमध्येच ५.४ सेंटीमीटरची चढण बसवली. तीच चढण दहा मीटरपर्यंत नेली तर १०.८ सेंटीमीटर होते. त्यातून साइटची उंची पाच आणि पडणं १.७ वजा केलं की ४.१ सेंटीमीटर उरतात. रेंजवर छर्रा मध्यापासून ४.१ सेंटीमीटर वर लागणार. वर्तुळांची हद्द मध्यापासून जेमतेम २.३ सेंटीमीटरवर संपते, म्हणून गुण शून्य.

घरी केलेली दोन सेंटीमीटरची ‘दुरुस्ती’ दुप्पट अंतरावर चार सेंटीमीटरची झाली, कारण साइट फिरवल्याने बदलतो तो कोन. अंतर वाढलं की तोच कोन टार्गेटवर जास्त सेंटीमीटर दाखवतो.

## मग घरी सराव करायचा कसा?

दोन मार्ग आहेत आणि दोन्हींत रेंजवरची जुळणी शाबूत राहते.

पहिला मार्ग म्हणजे साइटला हातच लावायचा नाही. घरच्या टार्गेटवर नेम धरायचा काळा गोल सुमारे अर्ध्या व्यासाचा छापायचा, म्हणजे पाच मीटरवरून तो दहा मीटरवरच्या इतकाच मोठा दिसतो. मग त्या गोलाच्या दोन सेंटीमीटर खाली पेन्सिलीने छोटी फुली करायची. नेम गोलावर धरायचा आणि छर्रे फुलीभोवती बसतात का ते पाहायचं. आपल्या रायफलसाठी हा आकडा नेमका किती, हे पहिल्या दहा-पंधरा छर्ऱ्यांत कळून येतं. तोवर कागद पुरेसा मोठा लावा आणि मागचा ट्रॅप त्याहूनही मोठा असू द्या.

दुसरा मार्ग म्हणजे साइट फिरवायचं, पण मोजून. साइटचं बटण फिरताना ‘टक टक’ असे टप्पे लागतात, त्यांना क्लिक म्हणतात. पाच मीटरसाठी किती क्लिक आणि कोणत्या दिशेने, हे वहीत लिहून ठेवायचं आणि रेंजवर जाण्याआधी तेवढेच क्लिक उलटे फिरवायचे. यात विसरण्याचा धोका आहे. रोज पुढे-मागे फिरवलेल्या साइटवर आपलाही विश्वास उरत नाही. म्हणून शिकणाऱ्यासाठी पहिला मार्ग बरा.

## गोळी दोनदा ‘शून्या’वर येते

आत्तापर्यंत आपण झिरोच्या अलीकडचा भाग पाहिला. पलीकडे काय होतं, हे पॉइंट टू टू, म्हणजे .२२ रायफलवर चांगलं समजतं. एनसीसीच्या कॅडेटना शिकवतात ती हीच, बहुतेकदा २५ मीटरच्या रेंजवर. स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं तेही .२२ रायफलनेच, पण ५० मीटरवर.

.२२ च्या साध्या गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर असतो. रायफलवर चार सेंटीमीटर उंचीची दुर्बीण आहे असं धरू. ती १०, २५ किंवा ५० मीटरवर झिरो केली, तर वेगवेगळ्या अंतरांवर गोळी नेमाच्या किती खाली किंवा वर लागेल, ते पुढच्या तक्त्यात आहे. आकडे सेंटीमीटरमध्ये आणि अंदाजे आहेत. वजा म्हणजे खाली, अधिक म्हणजे वर.

| अंतर | १० मी. झिरो | २५ मी. झिरो | ५० मी. झिरो |
|---|---|---|---|
| ५ मी. | −१.९ | −२.७ | −२.५ |
| १० मी. | ० | −१.७ | −१.२ |
| १६ मी. | +२.० | −०.७ | ० |
| २५ मी. | +४.२ | ० | +१.२ |
| ३५ मी. | +५.८ | −०.१ | +१.५ |
| ५० मी. | +६.१ | −२.३ | ० |
| ७५ मी. | +०.९ | −११.८ | −८.३ |

आधी शेवटचा रकाना पाहा. ५० मीटरवर झिरो केलेली रायफल १६ मीटरवरही शून्यावर आहे. गोळी १६ मीटरवर खालून वर येताना नजरेची रेषा ओलांडते, ३०-३५ मीटरच्या आसपास दीड सेंटीमीटर वर असते आणि ५० मीटरवर पुन्हा रेषेवर उतरते. म्हणजे एका जुळणीत दोन शून्यं, एक जवळचं आणि एक लांबचं.

आता मधला रकाना. २५ मीटरवर झिरो केली तर गोळी रेषेला जेमतेम शिवते आणि लगेच खाली जायला लागते. २० ते ३५ मीटरच्या टप्प्यात ती नेमापासून तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त हलत नाही. या रायफलची गोळी नजरेच्या रेषेच्या वर अशी जातच नाही.

पहिल्या रकान्यात गंमत आहे. ‘जवळच मारायचं आहे, मग जवळच झिरो करू’ हा विचार सरळ वाटतो. पण १० मीटरवर झिरो करायचं तर नळीला जास्त तिरकं करावं लागतं, कारण चार सेंटीमीटरची उंची तिला फक्त दहा मीटरमध्ये भरून काढायची असते. तीच तिरकी रेषा पुढे गोळीला ५० मीटरवर सहा सेंटीमीटर वर नेते आणि दुसरं शून्य थेट ७५ मीटरच्याही पुढे जातं. जवळचं झिरो असलेली रायफल मधल्या अंतरांवर नेमाच्या सर्वांत जास्त वर मारते.

पडवीतल्या एअर रायफलचंही तसंच. तिच्यासाठी दहा मीटर हे जवळचं शून्य आहे. तिचा छर्रा तिथून पुढे थोडा वर जाऊन २० ते २५ मीटरच्या दरम्यान पुन्हा रेषेवर येतो. दहा मीटरच्या स्पर्धेत याचा कधी संबंध येत नाही, म्हणून बऱ्याच खेळाडूंना ते माहीतही नसतं.

सर्वांत वरची ओळही पाहून घ्या. झिरो कुठेही करा, पाच मीटरवर तिन्ही रकान्यांत गोळी दोन ते पावणेतीन सेंटीमीटर खालीच आहे. अगदी जवळच्या टप्प्यात झिरोच्या अंतरापेक्षा साइटची उंचीच जास्त बोलते. दुर्बिणीऐवजी दोन सेंटीमीटर उंचीचं लोखंडी साइट असतं, तर हा फरक निम्म्याहूनही कमी झाला असता.

## कोणतं अंतर निवडायचं?

टार्गेटचं अंतर ठरलेलं असेल तर प्रश्नच नाही. दहा मीटरच्या स्पर्धेसाठी दहा, पन्नास मीटरच्या स्पर्धेसाठी पन्नास. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण मिळवले, ते सगळे दहा मीटरवरचे. अशा खेळात नऊ मीटरवर छर्रा कुठे असतो याची चिंता कोणी करत नाही.

अंतर बदलतं असेल तेव्हा निवड करावी लागते. सैन्याच्या रायफलींमध्ये ही निवड कारखान्यातच झालेली असते. अनेक दशकं आपल्या पोलिसांच्या खांद्यावर दिसलेली ‘थ्री नॉट थ्री’, म्हणजे .३०३ ली-एनफिल्ड, याचं चांगलं उदाहरण आहे. तिच्या पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या नमुन्यावर मागच्या साइटचे आकडे २०० यार्डांपासून, म्हणजे सुमारे १८३ मीटरपासून सुरू होतात. त्याहून जवळची खूणच नाही. या जुळणीवर शंभर मीटरवर गोळी नेमाच्या साधारण सात-आठ सेंटीमीटर वर लागते. माणसाएवढ्या लक्ष्यासाठी सैन्याला तो फरक चालणारा होता. पण हीच रायफल घेऊन कुणी शंभर मीटरवर लहान टार्गेटचा सराव करत असेल, तर नेम मुद्दाम खाली धरावा लागतो.

म्हणून निवडताना एकच गोष्ट विचारायची. ज्या टप्प्यात आपण नेम धरणार आहोत, त्या टप्प्यात किती सेंटीमीटरचा फरक आपल्याला चालेल? .२२ ने १५ ते ५० मीटरवरची टार्गेटं मारायची असतील आणि दीड सेंटीमीटरचा फरक चालत असेल, तर ५० मीटरचं झिरो सोयीचं. सगळा सराव २० ते ३५ मीटरवर असेल, तर २५ मीटरचं झिरो बरं.

## झिरो कसं करतात?

ज्या अंतरावर झिरो करायचं आहे ते आधी टेपने मोजून घ्यावं. दहा मीटरच्या जागी नऊ मीटर झालं तर आतापर्यंतचा सगळा हिशेब घसरतो. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवावी, पण नळी नाही, तर लाकडी पुढा टेकवावा. नळी टेकवली तर मार बदलतो. छर्रे किंवा गोळ्या एकाच बनावटीच्या आणि शक्य असेल तर एकाच डब्यातल्या घ्याव्यात.

मग साइटला हात न लावता एकाच जागी नेम धरून पाच मारावेत. या पाच खुणांच्या पुंजक्याला ‘ग्रुप’ म्हणतात. ग्रुपचा मध्य नेमापासून किती खाली-वर आणि किती डावी-उजवीकडे आहे, ते पट्टीने मोजावं. एकाच गोळीवरून साइट फिरवू नये, कारण ती गोळी आपल्या हाताच्या चुकीमुळेही हललेली असू शकते.

मागचं साइट ज्या दिशेला सरकवू त्या दिशेला मार सरकतो. पुढचं साइट सरकवता येत असेल तर त्याचं उलटं. किती क्लिक फिरवायचे ते रायफल किंवा दुर्बिणीच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. बऱ्याच दुर्बिणींवर एका क्लिकने १०० मीटरवर मार सुमारे ७ मिलिमीटर सरकतो. ५० मीटरवर तोच क्लिक साडेतीन मिलिमीटरचा होतो आणि २५ मीटरवर पावणेदोनचा. वरच्या तक्त्यातली रायफल २५ मीटरच्या झिरोवरून ५० मीटरच्या झिरोवर न्यायची तर सुमारे सहा क्लिक वर जावं लागतं.

क्लिक फिरवल्यावर पुन्हा पाच मारून पाहावं. ग्रुपचा मध्य नेमावर आला की बटणाची जागा आणि वापरलेले छर्रे यांची नोंद करावी.

पन्नास मीटरची रेंज हाताशी नसेल तर काही जण १६ मीटरवर जुळवून घेतात, कारण तक्त्याप्रमाणे तेही शून्यच आहे. हे सुरुवातीपुरतं ठीक. पण १६ मीटरवर झालेली अर्ध्या सेंटीमीटरची चूक ५० मीटरवर दीड सेंटीमीटरपेक्षा मोठी होते. शिवाय जवळचं शून्य नेमकं कुठे येतं हे साइटच्या उंचीवर अवलंबून असतं. म्हणून शेवटची खात्री खऱ्या अंतरावरच करावी लागते.

## अंतराचा परिणाम की खरा बिघाड?

पडवीतल्या मुलाला हा फरक ओळखता आला असता, तर आठवडा वाया गेला नसता. तीन खुणा उपयोगी पडतात.

पहिली म्हणजे दिशा. साइट नळीच्या बरोबर वर असतं, म्हणून अंतर बदलल्यावर मार बदलतो तो फक्त खाली-वर. पाच मीटरवर छर्रे सरळ खाली लागत असतील तर ते अंतराचं काम. ते डावीकडे किंवा उजवीकडेही सरकत असतील, तर रायफल एका बाजूला कलती धरली जाते आहे किंवा साइट नळीच्या मध्यावर बसलेलं नाही, असं समजावं.

दुसरी म्हणजे ग्रुपचा आकार. अंतरामुळे सगळा पुंजका एकत्र सरकतो, तो विखुरत नाही. घट्ट पुंजका खाली लागला तर अंतर तपासा. पुंजकाच पसरला असेल तर साइटचे स्क्रू, छर्रे आणि आपला हात तपासा.

तिसरी खूण सर्वांत खात्रीची. पुन्हा मूळ अंतरावर जाऊन पाच मारा. ते मधोमध बसले तर साइटला काही झालेलं नाही. ही तपासणी होईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही.

## बांधाआडून नेम धरताना

साइट आणि नळीतला हा चार-पाच सेंटीमीटरचा फरक फक्त गुण घालवत नाही, त्यातून अपघातही होऊ शकतो.

पेण-रोह्याच्या भातखाचरांत बांध सगळीकडे आहेत. समजा, कुणी बांधाआड आडवा पडला, रायफल टेकवली आणि दुर्बिणीतून पाहिलं. दुर्बिणीत समोरचं टार्गेट स्वच्छ दिसतं, मध्ये काही आडवं नाही. पण नळी दुर्बिणीच्या चार सेंटीमीटर खाली आहे. मीटरभर पुढे गेलेली गोळीही अजून नजरेच्या रेषेच्या ३.७ सेंटीमीटर खालीच असते. बांधाचा माथा नजरेच्या रेषेखाली दोन सेंटीमीटर असेल तर तो दुर्बिणीत दिसतही नाही आणि गोळी थेट त्यात घुसते. माती मऊ असेल तर ती तिथेच अडकते. दगड असेल, तर ती कुठल्या दिशेला उडेल ते सांगता येत नाही. कंपाउंडच्या भिंतीवर, गच्चीच्या कठड्यावर किंवा रेंजवरच्या टेबलाच्या कडेवर रायफल टेकवतानाही हेच होतं.

म्हणून दुर्बिणीत मोकळं दिसतं यावर भागत नाही. ट्रिगरवर बोट ठेवण्याआधी डोळा साइटवरून काढून नळीच्या तोंडासमोर काय आहे ते बाजूने पाहावं लागतं. .२२ ची गोळी लहान दिसली तरी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. टार्गेटच्या मागे गोळी अडवणारा मातीचा उंच भराव असलेली रेंज सोडून ती इतरत्र झाडायचीच नाही, ते याचसाठी.

कायद्याची बाजूही थोडक्यात. .२२ रायफलीला शस्त्र परवाना लागतो. ०.१७७ इंचापर्यंतच्या, म्हणजे ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवान्यातून सूट आहे. स्पर्धेच्या रायफलची ऊर्जा याच्या निम्म्याहूनही कमी, सुमारे आठ ज्यूल असते. पण या छर्ऱ्याने डोळा जाऊ शकतो. म्हणून पडवीत सराव करताना ट्रॅपच्या बाजूला दार किंवा खिडकी नको आणि सराव चालू असताना त्या बाजूने कुणाची ये-जा नको.

आणि पाच मीटरवर छर्रे दोन सेंटीमीटर खाली लागले, तर साइटचं बटण जिथे आहे तिथेच राहू द्यावं. शनिवारी रेंजवर तेच उपयोगी पडणार आहे.